न दाखवलेली स्थळं

इंदूरमधल्या मराठी कुटुंबांच्या एका विवाहसंस्थेत स्थळं सुचवणारी यंत्रणा मी सांभाळतो. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. "अहो, रोज एकाच साच्यातली मुलं येताहेत. पुणे, सॉफ्टवेअर, ट्रेकिंगची आवड. आपल्या इंदुरातली मुलं संपली का?"

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिच्या अटी अगदी सैल. मग असं का?

आमच्याकडे प्रत्येकाचा परिचय मॉडेलमधून जातो आणि त्याची ३८४ आकड्यांची रांग तयार होते. हेच एम्बेडिंग. सारख्या मजकुराच्या रांगा एकमेकींच्या जवळ येतात. पसंत केलेल्या स्थळांच्या रांगांची सरासरी काढायची आणि तिच्या सगळ्यांत जवळची वीस स्थळं दुसऱ्या दिवशी दाखवायची. हिने सुरुवातीला पसंत केलेले तिघेही पुण्याचे, इंग्रजीत चटपटीत लिहिणारे. पुढची वीस त्याच गोतावळ्यातली आली, पसंती त्यांतूनच झाली आणि सरासरी तिथेच रुतली.

मग तिच्या अटींत बसणारी सगळी स्थळं मी क्रमाने लावून पाहिली. सहाशेच्याही पलीकडे एक इंदूरचा मुलगा सापडला. "घरची डेअरी आहे. पहाटे चारला उठतो. सानंदचं नाटक सहसा चुकवत नाही." सानंद ही इंदुरात मराठी नाटकं आणि कार्यक्रम करणारी संस्था. मुलीच्या परिचयात काय होतं? "आईबरोबर सानंदच्या कार्यक्रमांना जाते." पण तिच्या स्वतःच्या परिचयाला आमच्या गणितात जागाच नव्हती.

त्या मुलाचा परिचय मी चाचणीपुरता इंग्रजीत लिहिला, त्या पुणेकरांच्या धाटणीत. एकही माहिती बदलली नाही. तो पहिल्या शंभरात आला! म्हणजे जवळीक मोजली जात होती ती बरीचशी भाषेची आणि लिहिण्याच्या ढंगाची.

आमचे मॅनेजर म्हणाले, "लोकांना आवडतं तेच दाखवतोय, क्लिक वाढलेत की." हे मला मुळीच पटत नाही. डेअरीवाल्याला तिने नाकारलेलं नाही, तो तिला दिसलाच नाही. आमच्या तक्त्यात मात्र पाहून सोडलेल्या स्थळापुढे शून्य आणि कधीच न दाखवलेल्यापुढेही शून्यच. त्या शून्यांना आवडनिवड म्हणायचं आणि त्यावरच पुढची निवड बेतायची, हा त्या मुलीवर आणि त्या मुलावर, दोघांवरही अन्याय आहे.

आता 'दाखवलं' ही नोंद वेगळी ठेवतो. विसातल्या पाच जागा तिच्या अटींत बसणाऱ्या, पण सरासरीपासून दूरच्या स्थळांसाठी राखल्या आहेत. उरलेल्या पंधरांत एक स्थळ निवडलं की त्याच्याशी फार मिळत्याजुळत्या स्थळांचे गुण कापले जातात. क्लिक थोडे उतरले, आणि मॅनेजरांचा जीव त्यांतच अडकलाय. माझं म्हणणं, दोन्ही घरांनी एकमेकांचा नंबर मागितला का, ते मोजा. पाच जागांना तूर्त महिनाभराची परवानगी मिळाली आहे.

डेअरीवाल्याचं स्थळ काल तिच्या विसांत गेलं. अजून तिने ते उघडलेलं नाही.