कराराचा क्रमांक मिळेपर्यंत

दहावीला 78 टक्के पडल्यावर मी अकरावी सायन्स सोडून आयटीआयला फिटर ट्रेड घेतला, तेव्हा घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नाही. वडील सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, आणि मुलाने पुन्हा यंत्रापाशीच उभे राहावे हे त्यांना पटत नव्हते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम मात्र मला आवडला. पहिले कित्येक महिने कानस हातातून सुटली नाही. चौकोनी जॉब घासायचा, काटकोन्या लावून उजेडासमोर धरायचा, आणि पात्याखालून प्रकाशाची बारीकशी रेघ दिसली की पुन्हा व्हाइसमध्ये बांधायचा, हेच काम असे. निदेशक सर तोंडाने काही सांगत नसत. जॉब उजेडाकडे धरून परत देत, एवढेच.

परीक्षा 2024 मध्ये झाली आणि शिकाऊ उमेदवारीचा प्रश्न आला. शहरातल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकांनी सांगितले, "उद्यापासून ये, कागदपत्रं नंतर बघू." मी गेलो. दहा आठवडे बेअरिंग बदलणे, शाफ्ट सरळ करणे, माल चढवणे-उतरवणे अशी सगळी कामे केली आणि महिन्याला साडेचार हजार रुपये रोख घेतले. कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवारी आणि असे हाताखालचे काम यांत फरक काय, हे तेव्हा मला कळत नव्हते.

फरक कराराचा आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवारी धरली जाते ती आस्थापनेशी झालेला करार नोंदला गेल्यावरच. आस्थापना apprenticeshipindia.gov.in वर करार तयार करते, उमेदवार आपल्या लॉगिनमधून तो मान्य करतो, मग तो मंजूर होतो आणि त्याला क्रमांक पडतो. माझ्या लॉगिनमध्ये कराराच्या जागी काहीच नव्हते. आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या बीटीआरआय केंद्रात चौकशी केली तेव्हा तिथल्या सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "बाळा, तू अजून कुठेच लागलेला नाहीस." मागची तारीख घालून करार करता येत नसल्याने ते दहा आठवडे कशातच धरले गेले नाहीत.

मालकांवर मी पूर्ण दोष ठेवत नाही. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, पण चार ते एकोणतीस माणसांच्या ठिकाणी ते ऐच्छिक आहे, आणि त्यांच्याकडे जेमतेम नऊ जण होते. मात्र करार करणार नसाल तर पोराला तसे आधी सांगायला हवे होते, हे माझे मत आजही कायम आहे.

दुसऱ्या वेळी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्यात अर्ज केला. तिथे करार आठवडाभर अडला, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावरील आडनाव आणि आधारवरील आडनाव यांत इंग्रजी स्पेलिंगच्या एका अक्षराचा फरक होता. आधार दुरुस्त झाल्यावर क्रमांक पडला आणि मी तो टिपणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

विद्यावेतन तेव्हाच्या नियमातील किमान दराने, म्हणजे 7,000 रुपये, ठरले. त्यातला शासनाचा वाटा पंचवीस टक्के, पण जास्तीत जास्त 1,500 रुपये असतो. त्यामुळे 7,000 चे पंचवीस टक्के 1,750 होत असले तरी कारखाना 5,500 देणार आणि 1,500 थेट खात्यात येणार, असा हिशेब होता. पहिले तीन महिने ते 1,500 आलेच नाहीत. शेवटी उलगडा झाला की आधारशी जोडलेले खाते हे माझे रोजचे खाते नव्हते. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेले आणि मी पार विसरलेले खाते होते. बँकेत जाऊन पासबुक छापून घेतले तर तिन्ही महिन्यांच्या नोंदी तिथे शिस्तीत ओळीने होत्या. आईने ते पासबुक अजून देवघरात ठेवले आहे.

शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. म्हणून त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नसते. हे मला पहिल्याच आठवड्यात तिथल्या मिस्त्रींनी सांगितले, आणि ते बरेच झाले, कारण त्यामुळे मी वर्षभर नोकरीची वाट पाहत बसलो नाही. मुदत संपताना राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राची परीक्षा दिली आणि त्याच सुमारास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचा अर्जही भरला, कारण दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना तिथे प्रवेश मिळू शकतो. अर्ज भरताना वडील शेजारी बसले होते. आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरील स्पेलिंग त्यांनीच एकेक अक्षर बोटाने दाबून जुळवून पाहिले.