एकच हंडा, तीन पट्ट्या: सुती रंगकामाच्या कार्यशाळेहून

नैसर्गिक रंगाच्या कार्यशाळेला निघालेल्यांना एकच सांगेन: पहिला दिवस चुकवू नका. त्या दिवशी रंगाचं भांडं चुलीवर चढतही नाही, म्हणून बरेच जण उशिरा येतात आणि नेमकं महत्त्वाचं हुकतं.

आम्हाला एकाच ताग्यातल्या तीन पट्ट्या दिल्या होत्या. पहिली कोरीच ठेवून थेट तुरटीत घातली; रंग कापडाला धरून ठेवायचं काम तुरटी करते. दुसरी आधी धुण्याच्या सोड्यात उकळली, मग तुरटीत. तिसरी उकळून हिरड्यात भिजवली आणि नंतर तुरटीत.

१०० ग्रॅम कोरड्या कापडाला सोडा ३ ग्रॅम, हिरड्याची पूड २० ग्रॅम, तुरटी १५ ग्रॅम असं प्रमाण होतं. सोड्यात तासभर उकळल्यावर पाणी चहासारखं झालं. कापसातलं मेण आणि सुतावरची खळ त्यात उतरते. ती राहिली तर तुरटीचं पाणी धाग्यात शिरतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे: कापड वाळवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. लगेच जिरला तर ठीक, मणी होऊन बसला तर पुन्हा उकळा. दुकानातलं पांढरंशुभ्र कापडही या परीक्षेत नापास होऊ शकतं, कारण त्यावर मऊपणासाठी थर दिलेला असतो.

हिरड्याचं काम वेगळं. तुरटी लोकरीला जशी घट्ट धरते तशी सुताला धरत नाही. हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य मात्र सुतालाही धरतं आणि तुरटीतल्या अॅल्युमिनियमलाही. त्यामुळे हिरड्यातून काढलेलं कापड फक्त पिळायचं, खळबळून धुवायचं नाही. तुरटीनंतर ते पूर्ण वाळू द्यायचं आणि रंगात घालण्यापूर्वी न चिकटलेली तुरटी धुऊन काढायची. नाहीतर ती हंड्यात सुटते आणि रंग कापडाऐवजी पाण्यातच तिला धरून बसतो.

तिन्ही पट्ट्या लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठेच्या एकाच हंड्यात गेल्या. आच मंद होती, उकळी येऊ दिली नाही. फार तापलं की लाल रंग तपकिरीकडे झुकतो. बाहेर आल्यावर पहिली ठिपक्याठिपक्यांची होती, पण दुसरी आणि तिसरी मला जवळपास सारख्याच वाटल्या. फरक साबणाच्या पाण्यात कळला. दुसरीचं पाणी गुलाबी होतच राहिलं आणि ती फिकटली. तिसरीचं पाणी लवकर स्वच्छ झालं. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासल्यावर तिचा डागही सर्वांत हलका पडला.

जाताना आपलं कापड कोरडं असतानाच वजन करून न्या. खुणा पेनाने करू नका, टाके घाला. लोखंडी भांडं किंवा डबा नको. लोह उतरलं की लाल रंग काळवंडतो.

एक मर्यादा तिथेच विचारून घेतली. या सगळ्या तयारीने रंग धुण्याला आणि घासण्याला टिकतो. उन्हाचं तसं नाही, तिथे रंगद्रव्याचा स्वभावच मोठा. हळद कितीही नीट बसवली तरी उन्हात उडते. म्हणून पडद्याचं कापड रंगवायचं असेल तर आधी एक तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून खिडकीत ठेवा आणि काही आठवड्यांनी दोन्ही भाग शेजारी धरून पाहा.