जिभेखालचा दोरा

त्या सकाळी दवाखान्यात दोन मांजरं होती. एक समोर टेबलावर, दुसरी अजून फोनवरच.

टेबलावरच्या तीन वर्षांच्या बोक्याला आदल्या दिवसापासून पाच-सहा वेळा पातळ शी झाली होती. त्यात आव होती आणि लाल रक्ताच्या दोन-तीन रेषा. रक्त पाहून त्याच्या घरचे रात्रभर झोपले नव्हते. बोका मात्र टेबलावरून उडी मारायच्या बेतात होता. सकाळी त्याने वाटी चाटूनपुसून संपवली होती, हिरड्या गुलाबी आणि ओल्या होत्या, पोट दाबलं तरी त्याला काही वाटत नव्हतं. दोन दिवसांपूर्वी त्याचं खाणं एकदम बदललं होतं. थोडी थोडी, वारंवार, आव आणि ताज्या रक्ताची रेष असलेली शी बहुतेक वेळा मोठ्या आतड्याला सूज आल्याने होते. बाकी मांजर ठणठणीत असेल तर ती घरी पाहता येते.

तेवढ्यात फोन आला. पलीकडच्या ताई म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या भाटीने काल संध्याकाळपासून तीन उलट्या केल्यात. तीनच. शी ठीक होती. उद्यापर्यंत वाट बघू का?"

मी विचारलं, "खाल्लं का तिनं?"

"नाही. कालपासून तोंड लावलं नाही. पाणी प्यायली, तेही उलटून पडलं. कपाटामागे जाऊन बसलीय."

"आत्ता घेऊन या," मी म्हटलं.

उलट्या किती झाल्या यापेक्षा मला नेहमी दोन उलट्यांच्या मधलं मांजर कसं आहे ते ऐकायचं असतं. एकदा केसांचा गोळा ओकून लगेच वाटीकडे जाणाऱ्या मांजराची मला घाई नसते. पाणीही न टिकणारं, खाणं सोडून लपलेलं मांजर थांबवून ठेवता येत नाही.

भाटी वर्षाची होती. हिरड्यांना बोट लावलं तर चिकट लागत होत्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश खाली बसत होती. पोटाला हात लावताच ती आक्रसली. उलटी करणाऱ्या प्रत्येक मांजराची जीभ मी खालून पाहतो. एका हाताने तोंड उघडायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जबड्याच्या दोन हाडांमधली मऊ जागा खालून वर दाबायची, म्हणजे जीभ उचलली जाते. तिच्या मुळाशी एक पांढरा दोरा रुतून बसला होता.

दोऱ्याचं एक टोक असं अडकलं की उरलेला दोरा आतड्यात पुढे सरकतो, पण सुटत नाही. आतडं त्याला ढकलत राहतं आणि नाडीत ओवलेल्या नेफ्यासारखं स्वतःच गोळा होतं. ताणलेला दोरा मग आतड्याच्या आतल्या वळणाला कापत जातो. छिद्र पडलं की आतली घाण पोटात सांडते आणि जीव वाचवणं फार अवघड होतं. क्ष-किरणात तिचं आतडं एका बाजूला चुणून आलेलं होतं, मध्ये हवेचे थेंबाच्या आकाराचे छोटे बुडबुडे.

आधी शिरेतून सलाइन दिलं, अंगातलं पाणी थोडं भरून आलं तेव्हा भूल दिली. जिभेखालचा दोरा कापून मोकळा केला, जठर उघडून तिथला भाग काढला, मग आतड्याला दोन ठिकाणी छेद देऊन उरलेला. एकाच छेदातून सगळा ओढायचा मोह मी टाळतो, कारण ओढताना आतडं चिरतं. आतडं लाल झालं होतं, पण कुठे फाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून खाल्लं. तरी पहिले पाच दिवस टाके गळण्याची भीती असते, म्हणून ताप आणि भूक यांवर आमचं लक्ष होतं.

दरम्यान बोक्याला मी घरी पाठवलं होतं. जुनं खाणं पुन्हा सुरू करायचं, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि नवं द्यायचंच असेल तर आठवडाभरात हळूहळू मिसळत. मांजराला उपाशी ठेवायचं नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजरात, यकृतात चरबी साचू लागते. माणसांची जुलाब थांबवणारी गोळी किंवा पॅरासिटामॉल अजिबात नको. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. दोन दिवसांत फरक पडला नाही, त्याने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर लगेच आणायचं. तो पिल्लू असता तर मी दोन दिवसही दिले नसते. पिल्लाचं पाणी आणि साखर काही तासांत उतरते, आणि लस न झालेल्या पिल्लाला उलट्या-जुलाब झाले की पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराची शंका आधी घ्यावी लागते.

भाटीला न्यायला आल्या तेव्हा ताईंनी विचारलं, "दोरा मला दिसला असता तर मी ओढून काढला असता. चाललं असतं का?"

नसतं चाललं. तोंडात दिसो की शेपटीखाली लोंबताना दिसो, ओढला की आत तो करवतीसारखा फिरतो. हात न लावता मांजर पिशवीत घालायचं आणि निघायचं, असं मी त्यांना सांगितलं. दोऱ्याचं रीळ त्यांनी त्या दिवशीच बंद डब्यात ठेवलं होतं.