गुलाबी कमोडची पंचाईत

नाशिकला गंगापूर रोड किंवा इंदिरानगरात नव्वदीतला फ्लॅट बघायला गेलात, तर हॉल चकाचक असतो आणि बाथरूमचं दार उघडलं की गुलाबी नाहीतर पिस्ता रंगाचा कमोड समोर येतो. बेसिन त्याच रंगाचं, टाइल्सही त्याच. तेव्हाची हौस ती. सेट शाबूत असेल तर तो काही वाईट दिसत नाही. ओरड होते तेवढी नक्कीच नाही.

घोळ होतो एक भांडं फुटल्यावर. समजा, फ्लशच्या टाकीला तडा गेला. ती छटा केव्हाच बंद झालेली असते आणि दुसरं गुलाबी मिळालं तरी शेजारी ठेवल्यावर वेगळं दिसतं, कारण ग्लेझचा रंग भट्टीत भाजताना खेपेगणिक थोडाफार बदलतो. मग पांढरी प्लास्टिकची टाकी बसते. खाली गुलाबी, वर पांढरं! गिऱ्हाईक हे ठिगळ बघतं आणि मनातल्या मनात टाकीचा नव्हे, अख्खं बाथरूम फोडायचा खर्च धरून भाव पाडतं.

त्यापेक्षा कमोड, टाकी आणि बेसिन तिन्ही पांढरी करावीत आणि टाइल्स तशाच ठेवाव्यात. गुलाबी टाइल्सवर पांढरं खुलतं, सांध्यांत पांढरं ग्राउट भरलं की आणखीच. मात्र पांढऱ्यातही भानगड आहे. जुन्या टाइल्स मोतिया असतील तर शुभ्र कमोडशेजारी त्या मळकट वाटतात. म्हणून एक सुटी टाइल दुकानात न्यायची आणि पिवळ्या दिव्याखाली नाही, दारात उन्हाच्या उजेडात भांड्याला लावून बघायची.

ऑर्डर देण्याआधी माप घ्यायचं. पाइप जमिनीत उतरत असेल, म्हणजे एस ट्रॅप असेल, तर मागच्या भिंतीच्या टाइलपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर लागतं. ते साधारण ४, ९ किंवा १२ इंच असतं. पाइप ९ इंचांवर आणि कमोड १२ इंची आणला, तर तो बसतच नाही, टाकी भिंतीत घुसते. उलट झालं तर मागे ३ इंचांची फट राहते. जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवणार असाल, तर अर्धा इंच त्यातच जातो, तो आधी वजा करा. शिवाय नव्या कमोडचा पाया जुन्यापेक्षा लहान निघाला, तर फरशीवर जुन्या पायाची सिमेंटची कड उघडी पडते. म्हणून दुकानात रंगाआधी पायाची लांबी-रुंदी विचारावी.

आता काळ्या मॅट बेसिनची फॅशन आहे. दिसतं झकास, पण सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर प्रत्येक थेंब वाळून क्षारांचा पांढरा ठिपका सोडतो. तो काढायला ॲसिड वापरलं तर नळाची झिलई जाते आणि तारेच्या घासणीने मॅट पृष्ठभागावर चकाकते चट्टे पडतात. घर विकायचा बेत असेल, तर तो काळा रंग टाइल्सच्या एखाद्या पट्टीत घ्यावा.