५८/१०२ आणि तो नसलेला शिक्का

भावाच्या जुन्या खोक्यात पोकेमॉनची दोन पत्ती सापडली. एक इंग्रजी, पिकाचूचं. दुसरं पूर्ण जपानी, त्यावर कुत्र्यासारखा केसाळ प्राणी. कोणतं पत्तं कोणत्या संचातलं आणि कधीच्या छपाईचं, हे शोधायला मी बसलो. वाटलं, पिकाचूचं तर दहा मिनिटांत होईल.

पहिली चूक लगेच केली. पत्त्याच्या तळाशी असलेल्या वर्णनाच्या शेवटी २५ हा आकडा होता, तोच घेऊन मी यादी चाळायला लागलो. काही जुळेना. मग लक्षात आलं की २५ हा पिकाचूचा पोकेडेक्समधला, म्हणजे सगळ्या पोकेमॉन प्राण्यांच्या यादीतला क्रमांक आहे, पत्त्याचा नव्हे. पिकाचू कुठल्याही संचात आला तरी तो पंचविसावाच. पत्त्याचा स्वतःचा क्रमांक अगदी खाली उजव्या कोपऱ्यात असतो आणि माझ्या पत्त्यावर तो ५८/१०२ होता, म्हणजे १०२ पत्त्यांच्या संचातलं अठ्ठावन्नावं.

त्या आकड्याशेजारी एक काळा ठिपका होता. मी त्यालाच संचाचं चिन्ह समजून बसलो, पण ते दुर्मिळतेचं चिन्ह निघालं: ठिपका म्हणजे साधं, खेळायच्या पत्त्यांत असते तशी चौकट म्हणजे जरा कमी मिळणारं, चांदणी म्हणजे दुर्मिळ. त्या काळच्या पत्त्यांवर संचाचं चिन्ह चित्राच्या चौकटीखाली, उजव्या बाजूला असतं. जंगल संचाचं फूल, रॉकेट संचाचा आर. माझ्या पत्त्यावर त्या जागी काहीच नव्हतं. आणि तीच खूण होती, कारण पहिल्या इंग्रजी संचाला, बेस सेटला, चिन्हच दिलेलं नाही.

पण नुसत्या कोऱ्या जागेवर विसंबू नये. जंगल संचातली काही चमकणारी पत्ती चुकून फुलाशिवाय छापली गेली होती. तिथे तिरक्या रेघेनंतरचा आकडा सांगतो, कारण जंगलमध्ये तो ६४ असतो. बेस सेट २ मध्ये माझ्यासारखंच चित्र असलेला पिकाचू आहे, पण त्याचा क्रमांक ८७/१३० आहे आणि संचाचं चिन्हही आहे. म्हणून चित्र ओळखीचं दिसलं तरी माझा भरवसा आता आकड्यावर.

संच कळला, आवृत्ती राहिली. खालच्या बारीक ओळीत १९९५ दिसलं आणि मी क्षणभर हरखलो! पण ते हक्कांच्या ओळीतलं पहिलं वर्ष. बेस सेटची इंग्रजी पत्ती १९९९ ची. ती ओळ भिंगाखाली नीट वाचली. माझ्या पत्त्यावर १९९५, ९६, ९८ आणि मग वेगळं, इंग्रजी पत्ती काढणाऱ्या विझर्ड्‌स कंपनीचं १९९९ होतं. सुरुवातीच्या छपाईत ९८ च्या पुढे आणखी एक ९९ असतं. चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला राखाडी सावलीही होती. ज्या सुरुवातीच्या छपाईला संग्राहक 'शॅडोलेस' म्हणतात, तिच्यात ही सावली नसते. आणि पहिल्या आवृत्तीचा शिक्का, म्हणजे वर 'एडिशन' लिहिलेला काळा गोल एक, चित्राच्या खाली डावीकडे असतो. माझ्याकडे शिक्का नाही, सावली आहे, ९९ जास्तीचं नाही. तिन्ही खुणा एकाच दिशेला, म्हणजे ही नंतरची, सर्वसाधारण 'अनलिमिटेड' छपाई. पिकाचूचे गाल पाहूनही तेच. सुरुवातीच्या काही पत्त्यांवर गाल लाल आहेत, माझ्याचे पिवळे. (शिक्का नाही हे मी चार वेळा तपासलं. आशा कुठली सुटते!)

जपानी पत्त्याला मी हीच पद्धत लावली आणि अडलो. कोपऱ्यात तिरक्या रेघेचा क्रमांकच नाही. जुन्या जपानी संचांवर तो छापतच नसत. तिथे खाली 'नंबर ०५९' असं होतं, आणि पिकाचूच्या वेळी ज्याने मला फसवलं तो पोकेडेक्स क्रमांकच आता कामी आला. ५९ म्हणजे अर्कानाइन, एकही अक्षर वाचता न येता नाव कळलं. इंग्रजी बेस सेटमध्ये त्याचाच क्रमांक २३/१०२ आहे, चित्रही तेच.

चित्राखाली संचाचं चिन्ह नाही, म्हणजे पहिला, १९९६ चा जपानी संच. त्याच्या सर्वांत पहिल्या छपाईवर दुर्मिळतेचं चिन्हही नसतं. मी पत्तं तिरपं धरून खालचा उजवा कोपरा पाहिला. तिथे चौकट होती, स्पष्ट छापलेली. म्हणजे पहिली छपाई नाही. दोन्ही पत्ती पाकिटांत घातली आणि पाकिटांवर पेन्सिलीनं लिहिलं: पिकाचू, ५८/१०२, अनलिमिटेड. अर्कानाइन, जपानी, ०५९, चौकट आहे.