खालून दोऱ्याचे फास, मधेच सुटलेले टाके

"शिवणीचा फोटो पाठवलाय. उलट्या बाजूला दोऱ्याचे फास येतात आणि मधेमधे टाके सुटतात. बॉबिन बिघडलंय का?"

बहुतेक वेळा बॉबिनचा काहीच दोष नसतो. घोळ खाली दिसतो म्हणून आपण बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतो आणि चांगलं बसलेलं टेन्शनही हातचं जातं. तो स्क्रू कृपा करून सोडा.

एका बाईंनी पाठवलेल्या अशाच एका फोटोत टी-शर्टच्या कापडावरची शिवण होती, वरखाली पांढराच दोरा. त्यावरून काही कळेना. मी वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून त्याच कापडाच्या तुकड्यावर वीतभर शिवून दोन्ही बाजूंचे फोटो मागवले. उलट्या बाजूचे फास लाल निघाले, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताणच नव्हता. वरचा दोरा बॉबिनला वळसा घालून येतो, तेव्हा उरलेला ढिला भाग वर ओढून घ्यावा लागतो. ताण नसेल तर तो खालीच राहतो.

त्या बाईंनी कापड दाबून धरणारा फूट खाली ठेवून दोरा ओवला होता. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही. फूट वर करून पुन्हा ओवा. मग फूट खाली करून सुईजवळचा दोरा हलकेच ओढा: आता तो अडून यायला हवा, सुई किंचित वाकेल इतका. फूट वर असतानासारखाच सळसळत आला, तर अजून चकत्यांत बसलेला नाही.

त्यांचे फास गेले, टाके मात्र सुटतच राहिले, कारण ते दुखणंच वेगळं. फोटोत टाका अडीच मिलिमीटरचा होता आणि मधेच एखादा बरोबर दुप्पट, पाचाचा. सुई खाली गेली, पण बॉबिनभोवती फिरणाऱ्या शटलच्या टोकाला दोरा मिळाला नाही, अशी ही खूण. सुई तळाशी जाऊन जराशी वर येते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फुगा होतो, शटल तो पकडतं. ताणणारं कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं गेलं, की फुगा नीट तयार होत नाही. साध्या सुईऐवजी गोल टोकाची, होजिअरीची सुई लावल्यावर टाके सलग आले.

सुई बदलताना ती वरपर्यंत सरकवा. चपटी बाजू बहुतेक घरगुती मशीनमध्ये मागे येते, काही जुन्या मशीनमध्ये बाजूला. दोरा ओवतो त्याच्या विरुद्ध बाजूला ती हवी.

नव्या, योग्य सुईनेही साध्या सुती कापडावर टाके सुटले, तर सुई आणि शटल यांची वेळ चुकली असण्याची शक्यता आहे. ते फोटोवरून ठरवता येत नाही. मशीन उघडून कारागिरालाच पाहावं लागतं.