वाटीभर पिठातले अकरा दाणे

आमच्या रामबागेतल्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक कॅलेंडर आहे. त्यावर सणवारांपेक्षा सासूबाईंच्या अक्षराची गर्दी जास्त. दूध किती, गॅस कधी लागला, कामवाली कोणत्या तारखेला आली नाही, सगळं तिथे पेन्सिलीनं टिपलेलं. या नोंदींची मी वर्षानुवर्षं थट्टा करत आले. मार्चपासून करत नाही.

मार्चच्या 3 तारखेला आम्ही घरघंटी घेतली. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बंद झाली होती आणि पाकिटातल्या पिठाची पोळी सासूबाईंना मानवत नव्हती. पाच तारखेला पहिलं दळण घातलं, घरचंच लोकवन. पीठ हाताला गरम लागलं, आणि पोळी लाटताना लाटण्याखाली काहीतरी टोचलं. अख्खा गहू! बारीक पिठाची जाळी बसते तिथे एका कडेला ती वाकलेली होती, त्या फटीतून दाणे सरळ खाली उतरत होते. सहाला दुकानात फोन केला. "भाभीजी, लडका भेजता हूं." नऊला पुन्हा फोन, चौदाला पुन्हा. लडका काही येईना.

पंधराला रात्री मी फोन हातात घेतला आणि गुगल मॅपवर त्या दुकानाला एक स्टार दिला. खाली लिहिलं, "मशीन एकदम बेकार. पीठ जळतं. दुकानदार चोर आहे, कोणी जाऊ नका." बटण दाबलं तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करते.

त्याआधी त्या दुकानाचे नऊ रिव्ह्यू होते, सगळे पाच स्टारचे. "बढ़िया", "नाइस शॉप", एकाचा तर नुसता अंगठा. माझा एक स्टार पडला आणि पाचाचे 4.6 झाले. गणित सरळ आहे. नऊ पाचे पंचेचाळीस, त्यात माझा एक, शेहेचाळीस भागिले दहा. हजार रिव्ह्यू असलेल्या मोठ्या शोरूमला माझ्या एका स्टारचा पत्ताही लागला नसता. इथे तो दुकानाच्या पाटीवर चिखलाच्या शिंतोड्यासारखा दिसत होता.

तेवीसला लडका खरंच आला. नवी जाळी बसवली, जुनी घेऊन गेला, पैसे घेतले नाहीत. जाता जाता त्यानं आमच्या डब्यातला गहू दाताखाली धरला आणि म्हणाला, "आंटी, ये तो गीला है." गहू मी धुऊन एकच दिवस वाळवला होता. ओलसर गव्हाचं पीठ जाळीला चिकटतं, छिद्रं बुजतात, मोटरवर ताण येतो आणि पीठ नको तितकं तापतं. तसं या घंटीचं पीठ थोडं कोमट येतंच, तो दोष नाही. म्हणजे माझ्या चार वाक्यांच्या रिव्ह्यूतलं "पीठ जळतं" हे निदान निम्मं तरी माझंच पाप होतं.

संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला. "भाभीजी, अब वो एक स्टार हटा दीजिए ना. अगली सर्विस फ्री कर दूंगा." माणूस वाईट नव्हता, बिचारा अजिजीनं बोलत होता. पण नकारात्मक रिव्ह्यू काढण्यासाठी सवलत किंवा फुकट सेवा देणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि माझ्याही नाही. शिवाय काढून टाकला की वाकडी जाळीही गेली आणि ती बदलून मिळाली हेही गेलं. पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा नऊ अंगठेच. मी म्हटलं, "हटाऊंगी नहीं, बदलूंगी. सर्विस के पैसे ले लेना."

लगेच मात्र बदलला नाही. आधी दोन दळणं काढली, पाच-पाच किलोची, नीट वाळवलेल्या गव्हाची. सासूबाईंनी वाटीभर पीठ ताटात पसरून दाणे मोजले. जुन्या जाळीच्या वेळीही त्यांनी मोजले होते, हे मला तेव्हा कळलं. कॅलेंडरवर पाच तारखेच्या चौकोनात लिहिलेलं होतं, "1 वाटी, 11 दाणे." आता पहिल्या दळणात एक निघाला, दुसऱ्यात एकही नाही. माझ्याकडे पंधरा तारखेला होता तो नुसता राग. मोजणी भिंतीवर होती.

बदलायची रीत सोपी. दुकानाच्या पानावर आपला रिव्ह्यू उघडायचा, तीन टिंबं दाबायची, Edit review. एका खात्याचा एका जागेसाठी एकच रिव्ह्यू राहतो, त्यामुळे नवा मजकूर जुन्याच्या जागी बसतो आणि वाचणाऱ्याला जुना दिसत नाही. तारीखही बदलल्याची दिसते. म्हणून काय कधी घडलं ते मजकुरातच लिहावं लागतं, नाहीतर मार्चची गोष्ट कधीची ते कोणाला कळणार?

गिऱ्हाईक इथलं, हिंदी बोलणारं, म्हणून लिहिलं हिंदीत. मराठीत असं झालं असतं: "3 मार्चला घरघंटी घेतली. बारीक जाळी कडेला वाकलेली होती, वाटीभर पिठात 11 दाणे निघाले. 6 मार्चला कळवलं, तीन फोन केले, 23 मार्चला जाळी विनामूल्य बदलून मिळाली. त्यानंतर 10 किलो दळलं, पहिल्या दळणाच्या वाटीभर पिठात 1 दाणा निघाला, दुसऱ्यात एकही नाही. पीठ फार तापत होतं त्यात आमच्या ओलसर गव्हाचाही हात होता. आधी 1 स्टार दिला होता. तेव्हा दुकानदाराबद्दल लिहिलेला शब्द चुकीचा होता, तो मागे घेते."

"रिव्ह्यू लिहिल्यावर आठ दिवसांत जाळी आली" असं लिहायचा फार मोह झाला. पण दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे जाळी गुजरातहून यायची होती. रिव्ह्यू नसता तरी ती तेवीसलाच आली असती का, हे मला ठाऊक नाही. दोन तारखा शेजारी ठेवल्या की वाचणारा मधला दोरा स्वतःच ओवतो. म्हणून पंधरा तारीख मी गाळली.

स्टारवरून घरात वाद झाला. हे म्हणाले, पाच दे, बिचाऱ्यानं काम तर केलं. सासूबाई म्हणाल्या, "विकलेली वस्तू नीट करून दिली म्हणजे उपकार केले काय? तीन." मी चार दिले. एक स्टार त्या सतरा दिवसांचा, आणि त्यातही जाळीच्या वाट पाहण्याचा नाही. जाळी यायला वेळ लागेल एवढं सांगणारा एक फोन त्यांनी करायला हवा होता. बेरीज एकोणपन्नास झाली, दुकान 4.9 वर गेलं.

एक गंमत राहिली. माझ्या जुन्या रिव्ह्यूखाली दुकानदारानं उत्तर दिलं होतं, "हम चोर नहीं हैं, कृपया संपर्क करें." मजकूर बदलला तरी त्याचं उत्तर तिथेच राहिलं. आता वर माझा शांत, तारीखवार हिशेब, आणि खाली कोणी काही म्हटलेलं नसताना "हम चोर नहीं हैं". मीच फोन करून सांगितलं. भाच्याकडून बदलून घेतो म्हणाला.

दोन दिवसांनी नवं उत्तर दिसलं: "धन्यवाद भाभीजी. गेहूं धोकर दो दिन धूप में सुखाएं, एक दिन काफी नहीं."

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "दोन नाही," त्या म्हणाल्या, "तीन. लिही त्याला."